न आलेल्या पार्सलाची जकात

पनवेल तालुक्यातील गव्हाण या गावाला 'कस्टम' हा शब्द आता परका राहिलेला नाही. १९८९ साली शेजारी न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नव्या मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. सीमाशुल्क खात्याची कचेरी ज्यांच्या अंगणापासून थोड्याच अंतरावर आहे, अशा माणसांना तरी त्या खात्याच्या नावाने कोणी फसवू शकणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खाते जवळचे, त्याचा दरारा ओळखीचा. परंतु त्याचा कारभार कसा चालतो हे मात्र कोणासच ठाऊक नाही. "परदेशातून आपल्या नावाने भेट आली आहे, जकात भरेपर्यंत ती अडवून ठेवली आहे," हा निरोप या दरारा व अज्ञानाच्या संगमावरच जगतो.

हा निरोप कसा काम करतो हे एका कल्पित, परंतु नित्याच्या अनुभवाशी जुळणाऱ्या उदाहरणावरून पाहू. समजा, गव्हाणमधील एका निवृत्त शिक्षिकेची फेसबुकवर लंडनमधील एका 'डॉक्टरां'शी ओळख झाली. दोन महिने रोज सकाळी विचारपूस झाली. मग त्या गृहस्थांनी भेट पाठवल्याचे कळवले आणि खोक्याचे छायाचित्र धाडले. खोक्यावर बाईंचे नाव, गव्हाण, तालुका पनवेल, जिल्हा रायगड असा पूर्ण पत्ता होता. तो पत्ता आपणच दिलेला आहे, हे अशा वेळी कोणाच्या ध्यानात येते? चौथ्या दिवशी दूरध्वनी आला. आदबशीर हिंदीत बोलणाऱ्या एका बाईने आपण विमानतळावरील कस्टम कचेरीतून बोलत असल्याचे सांगून ३८,५०० रुपये एका खात्यात भरावयास सांगितले. पैसे भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूरध्वनी : यंत्रातून तपासणी करताना खोक्यात हजारो पौंडांच्या नोटा आढळल्या, आता दाखला काढावा लागेल, त्याचे १,४५,००० रुपये, नाहीतर काळ्या पैशाचा गुन्हा दाखल होईल. तेही भरले. तिसरी मागणी ३,२०,००० रुपयांची. एकूण ५,०३,५०० रुपये गेले आणि खोके कधी आलेच नाही, कारण ते कधी निघालेच नव्हते.

अशा बातमीवर आपली सुशिक्षित प्रतिक्रिया ठरलेली असते : लोभ, दुसरे काय! ही प्रतिक्रिया जितकी सोपी तितकीच चुकीची आहे. वरील हिशेब पुन्हा वाचावा. पहिली रक्कम भेटीच्या आशेने गेली हे खरे. पण उरलेले ४,६५,००० रुपये भीतीपोटी गेले. म्हणूनच 'लोभ धरू नका' या उपदेशाने काम भागत नाही. ज्याची भीती घातली जाते, त्याचे खरे स्वरूप माहीत असणे अवश्य आहे.

प्रथम जकात वसूल होण्याची रीत पाहू. परदेशी भेटवस्तू आपल्याकडे साधारणतः दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग टपालाचा. असे पार्सल विदेश डाकघरात येते. पाठवणाऱ्याने खोक्यावर चिकटवलेल्या घोषणापत्रात वस्तू व तिची किंमत लिहिलेली असते. तीवरून सीमाशुल्क अधिकारी आकारणी करतात. त्यानंतर पार्सल आपल्या गावच्या टपाल कचेरीत येते आणि जकातीची रक्कम पोस्टमनच्या हाती दिल्यावर ते ताब्यात मिळते. म्हणजे येथे खोके आधी दिसते, पैसे नंतर जातात. दुसरा मार्ग खाजगी कुरियर कंपन्यांचा. त्यात कंपनी आपल्या वतीने आयातपत्र दाखल करते, सरकारी तिजोरीत जकात भरते आणि ती आपल्याकडून वसूल करते. अशी कंपनी ओळखपत्र मागते आणि कधी कधी मोबाईलवर संदेश धाडून पैसेही आधी मागते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. 'असा प्रत्येक संदेश खोटाच' हे सांगणे सोयीचे असले तरी खरे नाही, आणि अर्धवट खरा इशारा एकदा खोटा ठरला की माणूस पुढचे सर्व इशारे झिडकारतो.

मग खरेखोटे ओळखावे कसे? दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे : पैसे टपाल खात्याकडे अथवा कंपनीकडे जातात, आणि त्यांची पावती मिळते. कोणा अमुक एका व्यक्तीच्या बचत खात्यात जकात भरण्याची रीत या देशात नाही. दुसरी खूण पार्सलाच्या क्रमांकाची. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नोंदणीकृत वस्तूचा क्रमांक दोन अक्षरे, नऊ अंक व शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे असा असतो. ब्रिटनहून निघालेल्या पार्सलाच्या अखेरीस GB असते. हा क्रमांक टपाल खात्याच्या अथवा कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मात्र त्या स्थळाचा पत्ता स्वतः टंकलिखित केला पाहिजे. संदेशातून आलेल्या दुव्यावर बोट ठेवले की ठकांनीच उभारलेले स्थळ उघडते आणि तेथे पार्सल 'मुंबईत अडवले' असे झोकात दिसते. तिसरी परीक्षा सर्वांत सोपी. कुरियर कंपन्यांकडे जकात पाठवणाऱ्यानेच भरण्याची सोय सामान्यतः असते. ज्या मित्राने हजारो पौंडांची भेट धाडली, त्याला "जकातही तुम्हीच भरा" एवढे सांगून पाहावे. मैत्रीचे वजन त्याच क्षणी कळते.

भेटवस्तू म्हणून जकात माफ असावी, ही समजूतही अद्याप घट्ट आहे आणि ठक तिचा उपयोग करून 'थोडी जकात भरली की सुटेल' असे सांगतात. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल व कुरियरने येणाऱ्या भेटींची ती सवलत काढून घेतली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद ठेवले. पूर्ण जकात भरून भेट मागवता येते. ही जकात वस्तूच्या किमतीवर ठरते, म्हणून "किती किमतीवर, कोणत्या दराने?" हा प्रश्न विचारावा. त्याचे लेखी उत्तर ज्याला देता येत नाही, तो अधिकारी नव्हे.

आता भीतीकडे वळू. पार्सल नको असेल तर काय होते? याचे उत्तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातच आहे. त्याच्या २३ व्या कलमान्वये, माल सोडवण्याचा हुकूम होण्यापूर्वी मालकाला त्यावरील हक्क सोडून देता येतो, आणि हक्क सोडला की जकात देण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. 'जकात भरेपर्यंत पार्सल अडवले आहे' या वाक्याला "मग ते तुमच्याकडेच राहू द्या" हे कायदेशीर उत्तर आहे. त्याबद्दल कोणी तुरुंगात जात नाही.

या तरतुदीला एक अपवाद आहे. ज्या मालासंबंधी गुन्हा घडल्याचे दिसते, त्यावरील हक्क असा सोडता येत नाही. ठकांचे दुसरे पाऊल नेमके येथेच पडते हे पाहिले म्हणजे त्यांच्या धूर्तपणाची कल्पना येते. खोक्यात नोटा 'आढळतात' त्या बाईंना मोहवण्यासाठी नव्हेत. त्यांचा परतीचा रस्ता बंद करण्यासाठी. पण कायदा येथेही नागरिकाला वाऱ्यावर सोडत नाही. त्याच कायद्याचे १२४ वे कलम सांगते की, कारणे कळवणारी नोटीस दिल्यावाचून आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून माल जप्त करता येत नाही वा दंडही बसवता येत नाही. दूरध्वनीवरून आरोप, दूरध्वनीवरून निवाडा आणि तासाभरात दंडवसुली, ही पद्धत कोणत्याही सीमाशुल्क कचेरीत नाही. शिवाय ८ नोव्हेंबर २०१९ पासून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारावर ओळखक्रमांक घालण्याची पद्धत सुरू केली. 'डिन' या नावाचा हा क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर कोणासही तपासता येतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा 'दाखला' तर निखालस बनावट समजावा. ती बँक व्यक्तींची खाती ठेवीत नाही आणि कोणाची भेट सोडवण्यासाठी शुल्कही घेत नाही.

पैसे गेल्यावर काय, हा प्रश्न अधिक कटू आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकास जे संरक्षण दिले, ते त्याच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांना होते. येथे तर पैसे बाईंनी स्वहस्ते पाठवलेले! म्हणून बँकेकडून भरपाई मिळण्याचा भरवसा धरता येत नाही. आशा राहते ती रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची. ती भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात काही तासांत सरकते. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केली तर ती पुढच्या खात्यात अडवली जाऊ शकते; cybercrime.gov.in या स्थळावरही तक्रार नोंदवता येते. पण आपल्या उदाहरणातील बाई त्या दिवशी तक्रार करणार नाहीत. मुलगा काय म्हणेल, गाव काय बोलेल, आणि आपणच गुन्हेगार ठरलो तर, या विचारांत आठवडा जाईल. ठकांचे खरे भांडवल हे मौन आहे, आणि ते त्यांना आपण पुरवतो. फसलेल्याला हसणारा प्रत्येक शेजारी त्यात भर घालतो.

सरकारने इशारे दिलेले नाहीत असे नाही. मंडळाने २०२४ च्या जूनमध्ये याच फसवणुकीविरुद्ध प्रसारमोहीम चालवली. परंतु इशारा संकेतस्थळावर राहतो आणि निरोप घरात येतो. आमचे म्हणणे इतकेच आहे : २३ व्या व १२४ व्या कलमांचा अर्थ चार ओळींच्या सुबोध मराठीत प्रत्येक टपाल कचेरीच्या खिडकीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. बँकेने, विशेषतः वृद्ध खातेदार अनोळखी खात्यात एकाएकी मोठी रक्कम पाठवू लागल्यास, ती कशासाठी याची आपुलकीने चौकशी करावी. आणि घरोघरच्या सुशिक्षित मुलासुनांनी वडीलधाऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी एवढा दिलासा द्यावा की, असा निरोप आला तर प्रथम आम्हांला सांगा, पैसे गेले असले तरी सांगा. गव्हाणच्या त्या बाईंना पहिल्या दिवशी असे कोणी सांगितले असते, तर ३८,५०० रुपयांवरच हे प्रकरण थांबले असते.