कर्जरोख्याचे दुहेरी रूप

तुळजापुरातील एखाद्या शिक्षकाने १,००० रुपयांचा परिवर्तनीय कर्जरोखा घेतला आणि त्याचे रूपांतरण-प्रमाण २० असले, तर रोख्याऐवजी त्यास २० समभाग मागता येतात. म्हणजे एक समभाग ५० रुपयांस पडतो. बाजारभाव ६० झाल्यास हाती १,२०० रुपयांचे समभाग येतात, व धनकोचा तो भागधारक होतो. भाव ३० वर घसरल्यास व्याज घेत राहून मुदतीअखेर मुद्दल मागणेच शहाणपणाचे.

परंतु मुद्दल परत मिळणे कंपनीच्या ऐपतीवर अवलंबून असते. २०१२ साली पुण्याच्या सुझलॉनचा समभाग वीस रुपयांखाली गेला. रूपांतरण रोखेधारकांना परवडेना, आणि ऑक्टोबरात सुमारे २१ कोटी डॉलरांची परतफेड थकली. समभागाचा भाव व कर्जाची सुरक्षितता एकाच वेळी ढासळू शकतात, हे दुहेरी आधाराच्या मोहात विसरता कामा नये.