सही म्हणजे संमती नव्हे



उद्या मालेगावात एखादा चित्रपटकार येईल. आपल्या धर्मांतरित कुटुंबांवर माहितीपट करावयाचा आहे, असे सांगेल आणि जाताना सहीसाठी एक कागद पुढे करील. अशा कागदात बहुधा लिहिलेले असते की, आपले चित्र व आवाज जगात कोठेही, कायमचे वापरण्याचा हक्क निर्मात्यास दिला असून तो परत घेता येणार नाही. हा कागद निर्मात्याच्या बचावाची तजवीज होय. चित्रपट कोण पाहील, गावात त्याचे पडसाद काय उमटतील, हे मराठीत समजावून सांगितल्याखेरीज त्यास संमती म्हणता येत नाही.

आनंद पटवर्धन यांच्या मुंबईतील झोपड्यांच्या पाडापाडीवरील ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात एक झोपडीवासी भगिनी चित्रपटकारालाच सुनावते की, गरिबांची चित्रे घेऊन नाव तुमचे होईल. पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु प्रश्न प्रसिद्ध केल्याने त्याचे उत्तर दिले असे होत नाही. डोळ्यांदेखत घर पाडले जात असता माणूस होय-नाही ठरविण्याच्या स्थितीत नसतो. त्यास काही दिवसांनी, शांतपणी, पुन्हा विचारलेच पाहिजे.

बरे, समजून दिलेली संमती तरी पुरते काय? बुंदेलखंडातील ‘खबर लहरिया’ हे वृत्तमाध्यम २००२ पासून दलित व ग्रामीण भगिनी चालवितात. त्यांनी वर्षानुवर्षे चित्रण करू दिले. त्यावरील ‘रायटिंग विथ फायर’ हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. तेव्हा मार्च २०२२ मध्ये त्याच भगिनींनी जाहीर केले की, आमचा भर एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनावर असल्याचे त्यात दिसते व ते यथार्थ नाही. खोटे दृश्य न घालताही, केवळ निवडीने, माणसाचे चित्र बदलते. चित्रणाच्या दिवशी दिलेली संमती संकलनाच्या मेजावर काय होणार हे जाणू शकत नाही.

म्हणून माघारीचा हक्क हवा. यावर निर्माते म्हणतात, ‘मग चित्रपटच होणार नाहीत.’ हा युक्तिवाद पोकळ आहे. माघार अमर्याद नसावीच. चित्रपट विकला गेल्यावर त्याच्या प्रती कोणी गोळा करू शकत नाही. सबब अंतिम संकलनापूर्वी तो आपणांस दाखवावा, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत आपला भाग काढून टाकण्याचा हक्क त्याच कागदात लिहावा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवणुकीने वा दिशाभुलीने घेतलेली संमती रद्द करविता येते. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. कागदातली एक ओळ तो खर्च वाचविते.

ती ओळ लिहावयास जो नकार देईल, त्यास आपल्या उंबरठ्यावरूनच परत पाठवा.