लहान विभाग का निवडला?

पीएच.डी.च्या अर्जात दापोलीची निवड समजावताना काही विद्यार्थी 'पुसात गर्दी फार' असे लिहून टाकतात. निवड समितीत पुसाचेच कोणी असू शकते, ही गोष्ट वेगळीच. त्या वाक्यातून दापोलीविषयी काहीच कळत नाही.

कारण प्रश्नातून यावे. खारजमिनीतील भात हा विषय असल्यास असे लिहावे: 'जनुकीय विश्लेषणात पुसाची क्षमता मोठी आहे; परंतु उन्हाळ्यात क्षार वर येणारी व पावसाने धुतली जाणारी जमीन मला हवी. दापोली विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रात ती आहे. पनवेल १, २, ३ हे क्षारसहनशील वाण तिथलेच.' प्रयोगशाळेची उणीव असल्यास लपवू नये; नमुने कोठे तपासणार, तेही सांगावे.