पित्त नव्हे, रक्त

हळदीच्या रात्री रंगलेली बैठक पहाटे दोनला मोडते. पस्तिशीचा एक जण बरीच पिऊन, उशिरा जेवून आडवा होतो. साडेतीनला त्याला उलट्या सुरू होतात. आधी अन्न पडते, मग पिवळेहिरवे पाणी, आणि पोटात काही उरले नाही तरी कोरड्या ओकाऱ्या थांबत नाहीत. पाचव्या वेळी मोरीत लालभडक रक्त दिसते. घरात जाग येते आणि कोणीतरी म्हणते, ‘पित्त खवळलंय, मिठाचं पाणी पाजा, सगळं पडून जाऊ दे.’ प्रसंग कल्पित आहे, पण लग्नसराईत अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही डॉक्टरला तो ओळखीचा वाटेल. त्यात सर्वांत घातक असेल, तर तो मिठाच्या पाण्याचा सल्ला.

त्याचे कारण ओकारीच्या यंत्रणेत आहे. ओकारी येते तेव्हा पोटाचे स्नायू आणि श्वासपटल एकाच वेळी जठराला जोराने दाबतात. जठराचा वरचा भाग छातीच्या दिशेने ढकलला जातो आणि अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तो सांधा ताणला जातो. एखाद्या वेळी तो हे सोसतो. पण पुन्हा पुन्हा ताण आला की आतले मऊ अस्तर उभे चिरते आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. ही चीर साधारण एक ते चार सेंटिमीटरची असते आणि बहुतेक वेळा सांध्याच्या किंचित खाली, जठराच्या बाजूला सापडते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून आणखी ओकाऱ्या काढणे म्हणजे तीच चीर पुन्हा ओढणे.

या जखमेला ‘मॅलरी-वाइस’ चीर म्हणतात. केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस या बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९२९ मध्ये, अतिमद्यपानानंतर उलट्या होऊन रक्त ओकणाऱ्या पंधरा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, हे जाता जाता! पुढे कळले की चीर पडायला दारूच लागते असे नाही. गरोदरपणातल्या उलट्या किंवा जोराचा खोकलाही पुरतो. यातली दिलाशाची गोष्ट अशी, की बहुतेक रुग्णांत रक्तस्राव आपोआप थांबतो आणि चीर काही दिवसांत भरून येते.

मग दवाखान्यात धावायचे कशाला? कारण मोरीतले रक्त चिरेचेच आहे, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. अनेक वर्षे पिणाऱ्याचे यकृत निबर झालेले असू शकते. आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताला मग वाट मिळत नाही. ते आडवाटेने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरांत शिरते आणि त्या शिरा फुगतात. म्हणजे चीर पडते त्याच्या जवळच हा दुसरा, कितीतरी घातक धोका बसलेला असतो. अशी शीर फुटली तर थोड्या वेळात तांब्याभर रक्त पडू शकते, आणि ते आपोआप थांबेल असा भरवसा धरता येत नाही. शिवाय जठरातला जुना व्रणही दारूच्या रात्रीच रक्त टाकू शकतो, विशेषतः अंगदुखीच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांत.

आधी साध्या उलट्या आणि नंतर रक्त, हा क्रम चिरेकडे बोट दाखवतो. पहिल्याच उलटीत भसकन रक्त आले, तर फुगलेल्या शिरांची शंका बळावते. पण चीर असलेल्या अनेकांनाही पहिल्याच उलटीत रक्त दिसते, त्यामुळे या क्रमावर विसंबून घरी थांबता येत नाही. रंगही फसवतो. कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी म्हणजे जठरातल्या आम्लात मुरलेले रक्त. ते लाल नाही म्हणून कमी गंभीर असे नव्हे.

थुंकीत एकदाच रक्ताची रेघ दिसली, उलट्या थांबल्या आणि माणूस नीट बोलतो-चालतो आहे, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पण पडलेले रक्त दोन-चार चमच्यांहून जास्त असेल, गाठी पडत असतील किंवा उलटीत पुन्हा रक्त आले, तर सकाळची वाट पाहू नये. डांबरासारखी काळी, चिकट शौच होणे, उभे राहताच भोवळ येणे, गार घाम सुटणे, नाडी मिनिटाला शंभरावर जाणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, ही रक्त बरेच गेल्याची चिन्हे आहेत. त्यातले असंबद्ध बोलणे ‘चढली आहे’ म्हणून सोडून दिले जाते. आधी कावीळ झालेली, पोटात पाणी साठलेले किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेली व्यक्ती असेल, तर रक्त थोडे पडले तरी उशीर करू नये. १०८ला फोन करावा. तोवर रुग्णाला कुशीवर निजवावे आणि तोंडाने काहीही देऊ नये. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची रीत इथे धोक्याची, कारण भोवळ वाटेतच येऊ शकते.

हळदीच्या घरचा तो रुग्ण पाच वाजता रुग्णालयात पोचला असे समजा. नाडी ११२, हिमोग्लोबिन १३.८. आकडा पाहून नातेवाईक म्हणतात, ‘रक्त तर चांगलं आहे, घरी नेतो.’ नेमकी चूक इथेच होते. किटलीतले अर्धे दूध सांडले तरी उरलेले दूध तेवढेच दाट असते. पाणी घातल्यावरच ते पातळ होते. रक्ताचेही तसेच आहे. शरीरातले आणि सलाइनचे पाणी रक्तात मिसळायला काही तास जातात, तोवर हिमोग्लोबिन खाली येत नाही. त्या पहाटे खरे सांगत होती ती नाडी. दुपारी तपासले तर आकडा ११.४ वर आलेला असतो.

नाडी आणि रक्तदाब सावरला की चोवीस तासांच्या आत, शिरांची शंका असल्यास त्याहून लवकर, तोंडातून दुर्बीण घालून पाहिले जाते. या रुग्णाला दोन सेंटिमीटरची चीर निघते, कडेने रक्त झिरपत असलेली. दुर्बिणीतूनच तिच्यावर छोटी क्लिप बसते. चीर दिसली पण रक्त थांबलेले आहे, तर तेही करावे लागत नाही. आम्ल कमी करणारे औषध आणि देखरेख पुरते. रक्त पुन्हा सुरू होण्याची भीती पहिल्या दिवशी जास्त असते. घरच्यांनी किती प्यायला, कधीपासून पितो आणि कोणत्या गोळ्या घेतो, हे लाज न बाळगता सांगितले, तर डॉक्टर शिरांचा विचार सुरुवातीपासूनच करतात. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते दुर्बिणीची वाट न पाहता सुरू करावे लागतात.

क्वचित एक प्रकार असा असतो, की रक्त जवळपास दिसतच नाही. जोराच्या उलटीनंतर छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात एकाएकी असह्य कळ येते, श्वास घेताना ती वाढते आणि मानेची कातडी दाबली तर बोटाखाली कुरकुरते. इथे नुसते अस्तर नव्हे, अन्ननलिकेची सगळी भिंत फाटलेली असते आणि आतले अन्न-आम्ल छातीच्या पोकळीत उतरत असते. ही कळ हृदयविकाराची समजली जाते किंवा ॲसिडिटीची. डॉक्टरांना ‘आधी उलटी झाली, मग कळ आली’ एवढे सांगितले, तरी छातीचा सीटी स्कॅन वेळेत होऊ शकतो.