शिल्लक बघण्याचीही किंमत मोजायची?

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही आईचे पासबुक उघडून पाहा. अनुदान जमा झाल्याच्या ओळीखाली २७ रुपये १४ पैसे, २३ रुपये ६० पैसे अशा विचित्र रकमा वजा झालेल्या दिसतील. त्या का गेल्या, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ही कपात नेमकी कशी होते ते आधी समजून घेऊ, कारण हिशेब कळल्याशिवाय जाब विचारता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ठरावीक व्यवहार मोफत असतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीन, बाकी सगळीकडे पाच. म्हणजे बारामती आणि इंदापूरला पाच. त्यापुढच्या व्यवहाराला बँक जास्तीत जास्त २३ रुपये घेऊ शकते. १ मे २०२५ पासून ही मर्यादा २१ वरून २३ झाली. वर १८ टक्के जीएसटी, म्हणून २७ रुपये १४ पैसे.

खरी मेख पुढे आहे. या पाचांत फक्त पैसे काढणे मोजत नाहीत, नुसती शिल्लक पाहणेही मोजतात.

एक उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातल्या एका गावातली शेतमजूर बाई. खात्यावर योजनेचे १५०० रुपये येणार, पण कोणत्या तारखेला ते माहीत नाही. बाजारच्या निमित्ताने इंदापूरला आली की ती स्टँडजवळच्या, म्हणजे दुसऱ्याच बँकेच्या मशीनवर शिल्लक पाहते. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी पैसे आलेले दिसले. पाचव्या व्यवहाराला तिने ५०० काढले. मोफतचे पाच तिथेच संपले. पुढच्या आठवड्यात आणखी ५०० काढले, २७.१४ कापले गेले. तिच्या हिशेबाने खात्यात ५०० उरले, प्रत्यक्षात उरले ४७२.८६. म्हणून तिने पुन्हा ५०० मागितले तेव्हा मशीनने नकार दिला. पुरेशी शिल्लक नसताना मागणी केली म्हणून अनेक बँका वेगळा आकार लावतात. २० रुपये अधिक जीएसटी धरला तर २३.६० गेले. मग तिने ४०० काढले, पुन्हा २७.१४. खात्यात राहिले २२.१२, आणि ते तर मशीनमधून निघतच नाहीत.

पंधराशेतले ७७ रुपये ८८ पैसे गेले. नकाराचा दंड का बसला? आधी कापलेल्या शुल्कामुळेच शिल्लक कमी पडली म्हणून!

बँका म्हणतात, आम्हालाही खर्च येतो. येतो, हे आम्ही नाकारत नाही. तुमची बँक मशीनवाल्या बँकेला पैसे काढण्याच्या व्यवहारामागे १९ रुपये देते आणि शिल्लक पाहण्यामागे ७ रुपये. हा हिशेब बँकांचाच आहे. मग सात रुपयांचा व्यवहार आणि एकोणीस रुपयांचा व्यवहार गरिबाच्या पाचांतून सारखाच का वजा होतो? पगारदाराला पगाराची तारीख माहीत असते, मोबाइलवर शिल्लक दिसते. मशीनवर जाऊन शिल्लक पाहावी लागते ती ज्याचे पैसे कधी येतील हे सरकारलाच ठाऊक असते त्याला.

आणि रक्कम किरकोळ आहे असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की, सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून जादा एटीएम व्यवहारांपोटी ८ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले.

आमच्या मागण्या दोन आहेत. शिल्लक पाहणे मोफत पाचांच्या मोजणीतून काढा. आणि शिल्लक अपुरी म्हणून दिलेल्या नकारावर आकार लावू नका. ज्याच्या खात्यात पैसेच नाहीत त्याच्याकडून दंड कसला?

तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीत बसून पासबुके तपासावीत. मशीनमध्ये नोटा नव्हत्या, यंत्र किंवा जोडणी बिघडली होती, पिन चुकला होता, अशा फसलेल्या व्यवहाराला शुल्क लावता येत नाही आणि तो मोफत व्यवहारांतही धरता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केले आहे. म्हणून नकाराची पावती जपून ठेवा. कारण तिच्यावरच असते. चुकीची कपात दिसली तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. शिल्लक पाहायची तर बँकेच्या मिस्ड कॉल क्रमांकावर पाहा. मात्र मोबाइल क्रमांक खात्याशी जोडलेला हवा. तो जोडून देणे हेही आपलेच काम.

एका पासबुकातली चूक बँक किरकोळ म्हणून सोडून देईल. एकाच शाखेत पन्नास लेखी तक्रारी एकदम गेल्या, तर तिला उत्तर द्यावेच लागेल.