दोन मिनिटांत रिप्लाय, तरी कस्टमर गेला कुठे?

घरून केक करणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, "सर, मी दोन मिनिटांत रिप्लाय देते. तरी लोक पुढे बोलतच नाहीत. असं का?" मी म्हटलं, चॅट दाखवा.

चॅट असं होतं. कस्टमर: "1 किलो चॉकलेट केक कितीला?" ताई, एका मिनिटात: "डिझाइनवर आहे." कस्टमर: "साधाच हवाय." ताई: "एगलेस का?" "हो." "कधी पाहिजे?" "शनिवारी." "ओके, सांगते." मग ताई ओव्हनकडे गेल्या आणि रेट गेला चाळीस मिनिटांनी. तोवर समोरच्याने दुसरीकडे विचारलं असणार. पहिला रिप्लाय एका मिनिटात, पण उत्तर एक्केचाळीस मिनिटांनी! आपण घड्याळ लावतो पहिल्या रिप्लायला. कस्टमर मात्र उत्तराची वाट बघत असतो.

त्याच ताईंचं दुसरं चॅट बघा. प्रश्न तोच. रिप्लाय वीस मिनिटांनी, पण असा: "एगलेस चॉकलेट 1 किलो 900 रुपये, साध्या डिझाइनमध्ये. फोटो लावायचा असेल तर 200 जास्त. दहा-बारा जणांना पुरतो. निम्मे पैसे आधी. कोणत्या दिवशी, किती वाजता हवा आणि नाव काय लिहायचं?" इथे कस्टमरला फक्त तारीख आणि नाव सांगायचं होतं. ऑर्डर पक्की झाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नुसता वेग मोजू नका आणि नुसती लांबीही मोजू नका. पण दोन चॅटवरून नियमही करू नका, आपली स्वतःची जुनी चॅट्स तपासा.

व्हॉट्सॲपवर चॅट उघडून Export chat केलं की प्रत्येक मेसेजची वेळ मिनिटासकट मिळते. साधारण तीस चॅट्स घ्या, सगळी नवीन कस्टमरची. जुने कस्टमर तसेही ऑर्डर देतात, ते मिसळले तर हिशोब फसतो. वहीत लिहा: प्रश्न कसला होता, पहिला रिप्लाय किती मिनिटांनी, त्यात शब्द किती, पूर्ण उत्तर किती मिनिटांनी आणि ऑर्डर आली का. ग्रीटिंग मेसेज आपोआप जातो, तो रिप्लाय म्हणून धरायचा नाही. रात्री अकराला आलेल्या मेसेजची वेळ सकाळी दुकान उघडल्यापासून मोजा. सरासरी काढू नका, एखादं नऊ तासांचं चॅट सगळं बिघडवतं. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या.

आता खरी गोम. "आज चालू आहे का?" याला आपण पटकन आणि दोन शब्दांत उत्तर देतो. "पन्नास जणांचा बर्थडे आहे, काय काय करता?" याला उशिरा आणि लांबलचक. ही दोन्ही एकाच ढिगात टाकली तर वाटेल की लांब रिप्लायवरच मोठ्या ऑर्डरी येतात. अहो, ऑर्डरच मोठी होती! त्यामुळे रेटच्या प्रश्नाची तुलना रेटच्या प्रश्नाशीच, चालू-बंदची चालू-बंदशीच करा.

आणखी खात्री हवी असेल तर दोन आठवडे काढा. पहिल्या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार लगेच छोटा रिप्लाय द्या, बाकीच्या दिवशी थोडं थांबून पूर्ण द्या. दुसऱ्या आठवड्यात उलट करा, म्हणजे प्रत्येक वार दोन्ही प्रकारे येतो. रविवारच्या गर्दीचं श्रेय चुकून रिप्लायला जात नाही. डिलिव्हरी देताना एवढंच विचारा, "उत्तर मिळायला उशीर झाला असं वाटलं का?" वहीतला उशीर आणि कस्टमरला वाटलेला उशीर बऱ्याचदा वेगळा निघतो. न घेणाऱ्यांचं मत यात येत नाही, आणि तीस चॅट्सवरून फक्त कल दिसतो, एवढं लक्षात ठेवा.

तक्रार आली तर मात्र माझं मत बदलतं. केक दबलेला पोचला, पाहुणे बसलेत, तिथे "फोटो बघितला, दहा मिनिटांत फोन करते" हा छोटा रिप्लाय लगेच गेलाच पाहिजे. फक्त दहाव्या मिनिटाला फोन करा, नाहीतर तो रिप्लाय उलटा पडतो.

त्या ताईंनी रेटचं पूर्ण उत्तर क्विक रिप्लायमध्ये सेव्ह केलं. आता "/" टाईप करून शॉर्टकट निवडला आणि सेंड दाबलं की सगळं जातं, तेही हाताला क्रीम लागलेलं असताना. रेट बदलला की तो मेसेज बदलायला त्या एकदा विसरल्या आणि जुन्या भावात दोन केक द्यावे लागले, ते वेगळं.