पाटी कोणासाठी?

उपयोजित कलेच्या वर्गात आम्ही बोधचिन्हे पुष्कळ काढली. कधी विमान कंपनीचे, कधी एखाद्या बँकेचे, कधी मोठ्या हॉटेलचे. ती सारी कागदावरच राहिली, आणि राहायचीच होती. खऱ्या दुकानाची खरी पाटी करण्याचा प्रसंग माझ्यावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रथमच आला. त्या पंधरा दिवसांत जे शिकलो ते वर्गात तीन वर्षे शिकलो नव्हतो, म्हणून हे चार शब्द.

आमच्या शेजारच्या काकूंनी एप्रिलमध्ये बसथांब्यासमोर एक लहानसे दुकान टाकले. माल म्हणजे निवडलेले धान्य, कडधान्ये आणि घरचे मसाले. काकांच्या निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतला मोठा भाग त्यात गुंतलेला. माल चोख, काकूंचा हात सढळ. पण गिऱ्हाईक ओळखीपाळखीचे तेवढेच येई. मी घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, तू चित्रकलेच्या कॉलेजात आहेस ना? मग आमच्या दुकानाला काय झालंय ते जरा बघून सांग."

मी रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभा राहिलो. दुकानावर फ्लेक्सचा फलक होता. त्यावर डाव्या कोपऱ्यात देवाची तसबीर, उजवीकडे धान्याच्या राशींचा फोटो, मध्ये सोनेरी, फुगीर, सावली पडलेल्या अक्षरांत इंग्रजी नाव, त्याखाली बारीक मराठी नाव, खाली तीन फोननंबर आणि 'शुद्धतेची १०० टक्के हमी'. एक उन्हाळा आणि एक पावसाळा खाऊन त्यातला लाल आणि पिवळा रंग उडून गेला होता. या छपाईत लाल रंग किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून येतो, आणि उन्हात या दोन शाया आधी जातात. मागे राहते ती निळसर, आजारी छटा. फोटोतली तूरडाळसुद्धा निळी दिसत होती. एक कोपरा फाटून वाऱ्यावर फडफडत होता. थांब्यावरच्या एका बाईंना मी सहज विचारले, "ते समोरचे दुकान कसे आहे हो?" त्या म्हणाल्या, "ते बंद पडलंय ना?" आत दिवा लागलेला होता आणि काकू गल्ल्यावर बसलेल्या होत्या!

नव्या दुकानावर विश्वास बसणे म्हणजे काय, हे मला त्या उत्तरातून कळले. पिशवीत खडे निघाले, वजनात कमी भरले, तर उद्या तक्रार करायला हे दुकान इथे असेल का, एवढेच गिऱ्हाईक पाहते. नव्या दुकानाला जुनी पुण्याई नसते. तेव्हा 'आम्ही इथे राहायला आलो आहोत' हे त्याच्या पाटीने सांगावे लागते. फिकटलेला फलक नेमके उलट सांगतो. म्हणून स्वस्त पाटीची पहिली अट सुंदर दिसण्याची नव्हे, टिकण्याची आहे, असे माझे मत झाले.

काकूंनी ४००० रुपयांची मर्यादा घातली. जुन्या फलकाची लोखंडी चौकट, ८ फूट लांब आणि अडीच फूट उंच, शाबूत होती, तीच ठेवली. तिच्यावर बसवायला ८ फूट बाय ४ फुटांचा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ११०० रुपयांना घेतला. तो कापून दीड फुटाची जी पट्टी उरली, तिच्या भावफलकाच्या पाट्या केल्या. रंग आणि प्रायमर ९०० रुपये, गावातल्या जुन्या पेंटरची दोन दिवसांची मजुरी १८००, आणि रबरी शिक्का २००. हिशेब तिथेच संपला.

पेंटरांनी पहिल्याच दिवशी मला थांबविले. मी कोऱ्या पत्र्यावर सरळ ऑइलपेंट लावायला निघालो होतो. ते म्हणाले, "वर्षभरात पापुद्रे निघतील." कारण असे की ऑइलपेंटमधले तेल आणि पत्र्यावरचे जस्त यांचा संयोग होऊन रंगाखाली साबणासारखा थर धरतो आणि रंगाची पकड सुटते. गावोगाव पाट्यांचा रंग चकत्या-चकत्यांनी गळताना दिसतो, त्याचे एक कारण हेच. आम्ही पत्रा साबणाच्या पाण्याने घासून तेलकटपणा काढला, जस्तासाठी मिळणारा वॉश प्रायमर लावला आणि मग रंगाचे दोन हात दिले. पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. पकड बसली की नाही हे पाहण्याची युक्तीही त्यांनी दाखविली. कडेला पात्याने उभेआडवे ओरखडे काढायचे, त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंगाचे चौकोन चिकटून आले, तर सारे खरवडून पुन्हा सुरुवात.

रंग दोनच घेतले: सायीसारखी पांढुरकी जमीन आणि तिच्यावर गेरूची अक्षरे. काकूंना भडक लाल हवा होता. पण पाटी पश्चिमेला तोंड करून आहे आणि दुपारचे सारे ऊन तिच्यावर येते. भडक लाल बहुधा उन्हात फिका पडतो. गेरूचा लाल मात्र लोहाच्या गंजाचा असतो, त्याचे उन्हाने काही बिघडत नाही. आपल्या घरांच्या जोत्यांवर आणि तुळशीवृंदावनांवर तो पिढ्यान् पिढ्या आहे, त्यामुळे तो कोणाला परकाही वाटत नाही. हेच दोन रंग आत नेले. भिंतीला साय, आणि हात-पाय-पोती लागून जो भाग मळतो तिथे जमिनीपासून ३ फुटांपर्यंत गेरूचा पट्टा. दारावरची निळी ताडपत्री काढून पांढरी लावली, कारण निळ्या कापडातून येणाऱ्या उजेडात तांदूळ निळसर दिसत होता. तांबड्या कापडाखाली तोच तांबूस दिसला असता. ज्याला माल तपासून घ्यायचा आहे त्याला मालाचा खरा रंग दिसलाच पाहिजे.

आता अक्षरांचे. १० फुटांवरून आरामात वाचायला सुमारे १ इंच उंचीचे अक्षर लागते, असा एक ठोकताळा आहे. थांबा ६० फुटांवर, म्हणजे ६ इंच हवेत. आम्ही ८ घेतले. परंतु हा हिशेब रोमन लिपीवरून आलेला. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजावी लागते, आणि वेलांटी, मात्रा, उकार यांना वर-खाली निराळी जागा द्यावी लागते. ८ इंचांच्या अक्षराला प्रत्यक्षात १४ इंच लागले. खालची 'निवडलेले धान्य, डाळी, मसाले' ही ओळ ४ इंचांची, तिला ७ इंच. उरलेले ९ इंच वर, मध्ये आणि खाली तीन-तीन वाटले, की ३० इंच भरले. देवाची तसबीर, फोटो, तीन फोननंबर यांना जागाच राहिली नाही, आणि ते फार बरे झाले. तसबीर आत गल्ल्याच्या वर गेली, जिथे तिची रोज पूजा होते.

मराठी नाव मोठे करण्याला कायद्याचाही आधार होता. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि आधी लिहावे लागते. अन्य लिपीतली अक्षरे त्याहून मोठी चालत नाहीत. जुन्या फलकात दोन्ही गोष्टी उलट होत्या.

बोधचिन्ह म्हणून मी सूप निवडले. काकू धान्य पाखडून देतात, एवढा साधा अर्थ. कागदावर ते छान उतरले. मग मी त्याचा बोटाच्या पेराएवढा नमुना काढून घरात चौघांना दाखविला. तिघे म्हणाले, "केरभरणी!" किराणा दुकानाला केरभरणीचे चिन्ह! विणकामाच्या बारीक रेषा लहान आकारात बुजून गेल्या होत्या आणि उरला होता नुसता आकार. मी रेषा पुसून तीनच जाड पट्ट्या ठेवल्या आणि सुपाच्या तोंडाशी उडालेले तीन टपोरे दाणे काढले. पुन्हा दाखविले तेव्हा चौघांनीही सूप ओळखले. त्याचाच रबरी शिक्का केला. तो तपकिरी कागदी पिशव्यांवर आणि बिलावर गेरूच्या शाईने उमटतो. पाटी, पिशवी आणि बिल यांच्यावर एकच चिन्ह, एकच रंग दिसला, की पिशवी घरी नेलेल्या माणसाला दुसऱ्या खेपेला दुकान शोधावे लागत नाही. छापील पिशव्यांना जो खर्च आला असता तो वाचला.

एका गोष्टीवरून मात्र काकूंशी माझा वाद झाला. त्यांना 'शुद्धतेची १०० टक्के हमी' ही ओळ पुन्हा हवी होती. मी म्हणालो, "काकू, हमी तुम्ही कशी देणार? घाऊक बाजारातून येणारी हळद तुम्ही कुठे तपासता?" त्या रागावल्या. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "मग जे खरं आहे तेच लिही." तेव्हा आम्ही अन्नविभागाचा १४ आकडी नोंदणी क्रमांक आणि वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावले, काट्याचा आकडा त्याच्याकडे वळविला, आणि भाव उरलेल्या पत्र्याच्या पाट्यांवर रोज खडूने लिहायचे ठरविले.

माझ्या मित्रमैत्रिणींना मला हेच सांगायचे आहे. आपण 'विश्वासार्ह दिसणे' हा एक विषय म्हणून शिकतो, आणि खोट्या मालालाही तसे दाखविण्याची कला आपल्या हाती येते. पाटीवर जे लिहिले ते दुकानदाराला निभावता येईल का, हे विचारणे आपल्या कामातच येते, असे मला वाटते. चांगली पाटी गिऱ्हाइकाला एकदाच पायरी चढविते. दुसऱ्यांदा त्याला मालच आणतो. दुसरे असे की, विमान कंपन्यांची चिन्हे काढण्याबरोबर वर्षातून एकदा तरी ४००० रुपयांतली खरी पाटी करण्याचे काम आम्हाला द्यावे, आणि त्यासाठी एखाद्या जुन्या पेंटरांना वर्गात बोलवावे. जस्तावर तेलरंग टिकत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

पाटी चढविल्यानंतर आठवड्याने काकूंचा फोन आला. थांब्यावरून एक गृहस्थ आत आले होते. त्यांनी अर्धा किलो मूगडाळ घेतली आणि विचारले, "नवीन दुकान दिसतंय. कधी उघडलंत?" दुकान उघडून तेव्हा सात महिने झाले होते.